ईदची कमाई बारा महिने कशी पुरवावी?

शिलाईच्या दुकानात रमजानमध्ये गल्ला भरतो आणि नंतर कित्येक महिने हात आखडता घ्यावा लागतो. ठरलेला पगार नाही, मग बचत कशी होणार, असे आपण म्हणतो. तर मग आपला पगार आपणच ठरवू.

समजा, दुकानभाडे, धागा-अस्तर आणि कारागिरांची मजुरी वजा जाता रमजानमध्ये ९० हजार, लग्नसराईच्या दोन महिन्यांत ४५-४५ हजार आणि उरलेल्या नऊ महिन्यांत २०-२० हजार सुटतात. वर्षाचे झाले ३ लाख ६० हजार, म्हणजे महिन्याला सरासरी ३० हजार. पण तेवढे घरी नेले तर मागे काहीच उरत नाही. म्हणून सारी कमाई दुकानाच्या खात्यात ठेवून दरमहा घरखर्चाला २४ हजारच घेऊ. मंदीच्या नऊ महिन्यांची ३६ हजारांची तूट त्याच खात्यातून भागते आणि वर्षाअखेर ७२ हजार उरतात.

हा तीन महिन्यांचा घरखर्च झाला. पहिल्या वर्षी तो आजारपण किंवा मशीनच्या मोठ्या दुरुस्तीसाठी वेगळ्या खात्यात ठेवावा. पुढच्या वर्षापासूनची शिल्लक म्हातारपणासाठी. व्याज टाळणाऱ्यांसाठी शरियतच्या निकषांवर शेअर निवडणारे म्युच्युअल फंड आहेत. पण त्यांची किंमत खाली-वर होते, म्हणून अडीअडचणीचा पैसा तिथे नको.

रमजान दरवर्षी सुमारे ११ दिवस अलीकडे सरकतो. तो लग्नसराईला लागून आला की मंदीचा काळ सलग आणि लांब होतो. रमजानपूर्वीच दुकानाचे खाते रिकामे झाले, तर ठरवलेला पगार जास्त आहे असे समजून तो कमी करावा.