सोळापैकी एक ओळ

डिप्लोमाला असताना मी ब्रेडबोर्डवर दोन बिटांचा कम्पॅरेटर जोडला होता. A आणि B या दोन संख्यांपैकी मोठी कोणती, हे सांगणारं छोटं सर्किट. त्याला तीन एलईडी होते: A मोठी, दोन्ही समान, A लहान. पाच-सहा जोड्या लावून पाहिल्या, सगळी उत्तरं बरोबर आली. मग A ला ०१ आणि B ला १० दिलं, तर पहिला आणि तिसरा दिवा एकदमच लागला. १ हा २ पेक्षा लहानही आणि मोठाही! तारा तपासल्या, आयसी बदलली, फरक पडेना. दोष सूत्रातच होता.

मी केलेला विचार असा होता: A चा डावा बिट १ आणि B चा ० असेल, तर A मोठी. उजव्या बिटांचंही तसंच असेल, तरीही A मोठी.

```
G = A1·B1' + A0·B0'
```

इथे A1 हा डावा बिट, A0 उजवा. टिंब म्हणजे अँड, अधिक म्हणजे ऑर आणि वरची खूण म्हणजे नॉट. ३८ आणि ४१ यांत मोठी कोणती, हे पाहताना आपण आधी दशक बघतो. ते सारखे असतील तरच एककाकडे वळतो. ३८ मधला ८ हा १ पेक्षा मोठा आहे म्हणून ३८ मोठे ठरत नाहीत. माझ्या सूत्राने उजव्या बिटाला ही अट घातलीच नव्हती.

म्हणून अंदाज सोडून सत्यता सारणी मांडायची. दोन संख्यांचे मिळून चार बिट, म्हणजे १६ ओळी. चार ओळींत संख्या समान असतात, सहांत A मोठी, सहांत A लहान. A मोठी असणाऱ्या सहा जोड्या अशा (आधी A, मग B): ०१-००, १०-००, १०-०१, ११-००, ११-०१, ११-१०.

सहाही ओळी जशाच्या तशा लिहिल्या तर चार-चार बिटांची सहा पदं होतात. ती कमी करण्यासाठी कार्नो नकाशा. मॉरिस कार्नो यांनी तो १९५३ मध्ये मांडला. सोळा चौकटींच्या या नकाशात उभ्या-आडव्या कडांवर क्रम ००, ०१, ११, १० असा घ्यायचा, म्हणजे शेजारच्या चौकटींत एकाच बिटाचा फरक राहतो. नेहमीच्या सवयीने ००, ०१, १०, ११ लिहिलं की गट चुकतात.

आता गट पाडू. १०-००, १०-०१, ११-०० आणि ११-०१ या चार चौकटी एकत्र येतात. चारहींत A1 हा १ आणि B1 हा ० आहे. उजवे बिट बदलतात, म्हणून ते गळतात. ०१-०० एकटी उरते, पण ती शेजारच्या ११-०० ला धरून जोडी करते. तिच्यात A1 गळतो. ११-१० सुद्धा ११-०० शी जोडली जाते आणि B1 गळतो. एक चौकट तीन गटांत आली तरी चालते, कारण ऑरमध्ये १ कितीही वेळा आला तरी उत्तर १ च.

```
G = A1·B1' + A0·B1'·B0' + A1·A0·B0'
```

दुसऱ्या पदात B1' आहे आणि तिसऱ्यात A1. उजव्या बिटाला लागलेला लगाम तो हाच. ०१ आणि १० घालून पाहा: A1 शून्य असल्याने पहिलं आणि तिसरं पद शून्य, B1 एक असल्याने दुसरंही शून्य. दिवा विझलेला राहतो.

‘A लहान’साठी A आणि B ची अदलाबदल केली की पुरे:

```
L = B1·A1' + B0·A1'·A0' + B1·B0·A0'
```

‘समान’च्या चार चौकटी मात्र नकाशात तिरप्या रेषेत येतात. एकही दुसरीला चिकटलेली नसल्याने गटच पडत नाही. तिथे दोन्ही बिट सारखे असतील तेव्हाच १ देणारं एक्सनॉर गेट कामी येतं. डाव्या बिटांसाठी एक, उजव्यांसाठी एक, आणि दोघांची अँड:

```
E = (A1 XNOR B1)·(A0 XNOR B0)
```

ही वाट चार बिटांच्या संख्यांपर्यंत नेली तर सारणी २५६ ओळींची होते आणि हाताने नकाशा मांडणं आवाक्याबाहेर जातं. तिथे डावीकडून एकेक बिट पाहत जाण्याचा तोच नियम थेट गेटमध्ये उतरवतात.

माझं चुकीचं सूत्र G साठी १६ पैकी फक्त एका ओळीत फसत होतं. त्याच विचाराने बनवलेलं L चं सूत्रही एकाच ओळीत, १०-०१ ला, चुकत होतं. बाकीच्या चौदा जोड्या तपासून सर्किट बरोबर आहे असं कुणीही म्हटलं असतं. म्हणून सोळाही जोड्या लावायच्या आणि दर वेळी तीनपैकी नेमका एकच दिवा लागतो का, ते पाहायचं. दोन लागले किंवा एकही लागला नाही, तर दोष कुठेतरी नक्की आहे. आणि एकच लागला, तरी तो सारणीशी ताडून घ्यायचा.