टीडीएस रजिस्टर: छोटी छोटी बिलं आणि एक लाखाची रेघ

मागच्या व्हिडिओखाली सांगलीच्या एका हळद व्यापाऱ्याने विचारलं, "सर, पॉलिशवाल्याचं एकही बिल तीस हजारांच्या वर जात नाही, मग टीडीएस कशाला?" बऱ्याच दुकानदारांची गाडी इथेच अडते. गेल्या वर्षी तुमची उलाढाल एक कोटीच्या वर गेली असेल, तर हे तुम्हालाही लागू आहे.

कलम 194 सी म्हणजे कंत्राटी काम, मजुरी, जॉबवर्क. इथे मर्यादा दोन आहेत: एक बिल 30,000 च्या वर, किंवा वर्षाची बेरीज 1,00,000 च्या वर. दुसरी मर्यादा बिल बघून कळत नाही, ती फक्त रजिस्टरमध्ये दिसते.

उदाहरण घ्या. पॉलिशची बिलं जीएसटी सोडून एप्रिल 28,000, मे 29,000, जून 27,000. बेरीज 84,000, कपात शून्य. जुलैचं बिल 26,000, बेरीज झाली 1,10,000. आता टीडीएस कशावर? वरच्या दहा हजारांवर नाही, जुलैच्या बिलावरही नाही, तर सगळ्या 1,10,000 वर! ठेकेदार एकटा माणूस असेल तर 1 टक्का, म्हणजे 1,100 रुपये. त्याच्या हातात 24,900 द्यायचे. भागीदारी फर्म असेल तर 2 टक्के, म्हणजे 2,200. पॅनचं चौथं अक्षर बघा: P म्हणजे व्यक्ती, F म्हणजे फर्म. पॅनच दिला नाही तर थेट 20 टक्के.

शीटमध्ये A तारीख, B नाव, C पॅन, D कलम, E रक्कम. चालू बेरीज F मध्ये, दुसऱ्या ओळीपासून:

```
=SUMIFS(E$2:E2,C$2:C2,C2,D$2:D2,D2)
```

बेरीज पॅनवर लावलीय, नावावर नाही. कारण एकच ठेकेदार एकदा "पाटील", एकदा "पाटील आणि कं." असा लिहिला जातो, आणि लाखाची रेघ गुपचूप ओलांडली जाते.

भाड्याला मात्र ही बेरीज लावू नका. 2025-26 मध्ये कलम 194 आयची मर्यादा महिन्याला 50,000 आहे. साताऱ्यात महिना 45,000 भाड्याचं गोडाऊन असेल, तर वर्षाचे 5,40,000 होऊनही कपात नाही.

महिनाअखेरीला कलमवार टोटल मारा. जुलैचे 1,100 रुपये 7 ऑगस्टपर्यंत भरायचे (फक्त मार्चच्या कपातीला 30 एप्रिलपर्यंत मुदत). कापून भरले नाहीत तर महिन्याला दीड टक्का व्याज. कापलेच नाहीत, तर त्या खर्चाचे 30 टक्के, म्हणजे 33,000, तुमच्या नफ्यात धरले जाऊ शकतात. अकराशे रुपयांपायी!

आणि हो, 1 एप्रिल 2026 पासून नवा आयकर कायदा लागू, कलमांचे नंबर बदलतात. त्या वर्षासाठी D कॉलम नव्याने भरा, जुनी शीट कॉपी करू नका.