पीई पंधरा म्हणजे स्वस्त? आधी नफा उलगडून पाहा

एक शेअर ४२० रुपयांना आणि दुसरा ४,२०० रुपयांना मिळतो, म्हणून पहिला स्वस्त ठरत नाही, हे आता बहुतेकांना माहीत असतं. स्वस्त-महाग ठरवायचं तर त्या भावामागे कंपनीची कमाई किती, हे बघावं लागतं. त्यासाठी मोबाइलच्या ॲपवर भावाशेजारीच ‘पीई’ नावाचा आकडा तयार दिसतो. घोळ तिथेच होतो. तो आकडा ज्या नफ्यावरून काढला आहे, तो नफा आपण कधी उघडून पाहत नाही.

आधी साधा हिशोब घेऊ. समजा, एक फ्लॅट ६० लाखांना विकायला आहे आणि त्याचं भाडं महिना १५,००० रुपये, म्हणजे वर्षाला १ लाख ८० हजार येतं. फ्लॅटची किंमत वार्षिक भाड्याच्या सुमारे ३३ पट झाली. हाच हिशोब उलटा मांडला, तर ६० लाखांवर वर्षाला ३ टक्के सुटतात. माहिती एकच, पण आपल्याला पटकन कळतो तो टक्का, कारण शेजारी बँकेच्या ठेवीचा व्याजदर असतो आणि तुलना लगेच होते.

शेअरचंही तसंच आहे. कंपनीचा वर्षाचा निव्वळ नफा भागिले शेअरची संख्या म्हणजे प्रतिशेअर नफा, ज्याला ईपीएस म्हणतात. शेअरचा भाव भागिले ईपीएस म्हणजे पीई. आणि ईपीएस भागिले भाव, गुणिले शंभर, म्हणजे अर्निंग्ज यील्ड, मराठीत कमाईचा टक्का म्हणू. पीई २० असेल तर टक्का ५, पीई २५ असेल तर टक्का ४. शंभराला पीईने भागलं की झालं.

आयटीसीचं उदाहरण

आता एक खरा हिशोब करू. आयटीसी आपल्याकडच्या अनेक घरांतल्या डीमॅट खात्यांत असते. २०२४-२५ या वर्षाचे तिचे निकाल मे २०२५ मध्ये आले. सगळ्या उपकंपन्या धरून मालकांच्या वाट्याचा निव्वळ नफा साधारण ३४,७५० कोटी रुपये होता आणि शेअर सुमारे १,२५१ कोटी. भागाकार केला की ईपीएस येतो २७.८ रुपये. त्या सुमाराचा भाव ४२० रुपये धरू. पीई झाला १५ आणि कमाईचा टक्का ६.६.

बँकेची ठेव तेव्हा साडेसहा टक्क्यांच्या आसपास व्याज देत होती. म्हणजे आयटीसीसारखी कंपनी ठेवीइतक्याच टक्क्याला मिळत होती आणि वर नफावाढ फुकट! हे वाचून कुणालाही हात शिवशिवतील. पण थांबून आदल्या वर्षीचा ईपीएस पाहिला की शंका येते. २०२३-२४ मध्ये तो १६.४ रुपये होता. सिगारेट, आशीर्वाद आटा आणि सनफीस्ट बिस्किटं विकणाऱ्या एवढ्या मोठ्या कंपनीची कमाई एका वर्षात सत्तर टक्क्यांनी कशी वाढेल?

उत्तर निकालाच्या तक्त्यातच आहे. १ जानेवारी २०२५ पासून आयटीसीने आपला हॉटेलचा धंदा वेगळा काढून आयटीसी हॉटेल्स या कंपनीकडे दिला आणि दहा शेअरमागे एक असे तिचे शेअर भागधारकांना थेट वाटले. धंदा असा वाटून टाकताना त्याची बाजारातली किंमत आणि कंपनीच्या वह्यांतली किंमत यांतला फरक नफा म्हणून दाखवावा, असा हिशोबाचा नियम आहे. हा फरक १५,००० कोटींच्या थोडा वर निघाला आणि जानेवारी ते मार्चच्या तिमाहीत नफ्यात मिळवला गेला. कंपनीच्या तिजोरीत यातून एक रुपयाही आला नाही आणि पुढच्या वर्षी हा नफा पुन्हा होणारही नाही.

फ्लॅटऐवजी परसबाग असलेलं घर भाड्याने दिलं असतं आणि मालकाने त्याच वर्षी परसातलं सागाचं झाड विकलं असतं, तर त्या वर्षाच्या मिळकतीत भाडं आणि सागाचे पैसे दोन्ही दिसले असते. घर विकत घेणाऱ्याने सागाच्या पैशांवरून घराची किंमत ठरवली, तर फसणार कोण?

तेव्हा तो नफा बाजूला काढू. १५,१५० कोटी भागिले १,२५१ कोटी शेअर म्हणजे शेअरमागे साधारण १२.१ रुपये. २७.८ मधून ते वजा केले की उरतात १५.७. आता ४२० भागिले १५.७ केलं की पीई येतो जवळपास २७ आणि कमाईचा टक्का पावणेचारच्या आसपास. कंपनी तीच, भाव तोच, दिवसही तोच. फक्त एक ओळ वजा केल्यावर ‘स्वस्त’ शेअर ‘भरपूर किंमत लावलेला’ झाला.

इथे आणखी एक बारकावा आहे. ४२० रुपये हा भाव हॉटेल वेगळी झाल्यानंतरचा आहे, म्हणजे त्यातून हॉटेल धंद्याची किंमत बरीचशी निघून गेलेली आहे. नफ्यात मात्र तो धंदा सोडण्याचा ‘लाभ’ धरलेला. वरचा आकडा एका कंपनीचा आणि खालचा दुसऱ्याच, असा हा भागाकार होता. शिवाय ॲप पीई काढताना बहुधा शेवटच्या चार तिमाहींची बेरीज घेतं. त्यामुळे ती एक तिमाही पुढच्या वर्षीच्या मार्च तिमाहीचे निकाल येईपर्यंत बेरजेत राहते आणि चुकीचा पीई जवळजवळ वर्षभर तसाच दिसत राहतो.

तक्ता कसा वाचायचा

बीएसई किंवा एनएसईच्या संकेतस्थळावर कंपनीच्या नावाखाली आर्थिक निकालांची पीडीएफ मिळते. त्यात दोन तक्ते असतात. स्टँडअलोन म्हणजे एकट्या कंपनीचा आणि कन्सॉलिडेटेड म्हणजे उपकंपन्या धरून. आपण शेअर घेतो तेव्हा उपकंपन्यांचाही वाटा घेतो, म्हणून कन्सॉलिडेटेड बघावा. हा फरक किती मोठा असू शकतो ते मार्च २०२१ अखेरीस दिसलं. एनएसईने निफ्टी ५० चा पीई स्टँडअलोनऐवजी कन्सॉलिडेटेड नफ्यावरून काढायला सुरुवात केली आणि तो एका दिवसात सुमारे ४० वरून ३३ वर आला. शेअरचे भाव काही पडले नव्हते.

तक्त्यात वरून खाली येताना दोन ओळींवर बोट ठेवा. पहिली ‘एक्सेप्शनल आयटम्स’, म्हणजे एरवी न होणारे लाभ किंवा तोटे. जमीन विकणं, खटल्याची भरपाई, कारखाना बंद करण्याचा खर्च हे तिथे येतं. दुसरी ‘डिसकंटिन्यूड ऑपरेशन्स’, म्हणजे सोडून दिलेला धंदा. आयटीसीच्या बाबतीत नजर तिथेच थांबायला हवी. करातही कधी जुन्या वर्षांचा परतावा मिसळलेला असतो, म्हणून कराची रक्कम करपूर्व नफ्याच्या पाव भागाहून फारच कमी दिसली, तर खालच्या टिपा वाचाव्यात. आणि हे करताना दोन्ही बाजूंनी प्रामाणिक राहावं. एकदाचा लाभ वजा करायचा, तसा एकदाचा तोटा परत मिळवायचा. मात्र ‘एकदाचा’ तोटा दरवर्षीच येत असेल, तर तो त्या धंद्याचा नेहमीचाच खर्च समजावा.

ठेवीशी तुलना कुठवर चालते

पावणेचार टक्के आणि साडेसहा टक्के शेजारी ठेवले की शेअर महाग वाटतो. पण ठेवीचं व्याज वाढत नाही, कंपनीची कमाई वाढू शकते. मग प्रश्न असा विचारावा, की त्या ४२० रुपयांवर साडेसहा टक्के सुटायला किती वर्षं लागतील? कमाई दरवर्षी १० टक्क्यांनी वाढली तर सहा वर्षं. ५ टक्क्यांनीच वाढली तर बारा. पीई २७ ला शेअर घेणारा माणूस खरं तर या वाढीवर पैज लावत असतो. ती वाढ होईल का, हे पीई सांगत नाही. ते धंदा बघून आपल्यालाच ठरवावं लागतं.

दुसरं, कमाईचा टक्का म्हणजे हातात येणारे पैसे नव्हेत. हातात येतो तो लाभांश. आयटीसीने त्या वर्षासाठी शेअरमागे एकूण १४.३५ रुपये लाभांश दिला, म्हणजे ४२० वर साधारण ३.४ टक्के. १५.७ रुपयांच्या खऱ्या कमाईतले नव्वद टक्क्यांहून जास्त वाटले गेले. २७.८ च्या आकड्यावर पाहिलं असतं तर कंपनी जेमतेम निम्मा नफा वाटते असं वाटलं असतं, आणि उरलेल्या निम्म्यातून मोठी वाढ होईल अशी खोटी आशा लागली असती.

नफा खरा असूनही फसवतो तेव्हा

आयटीसीत नफ्यातली एक ओळ वजा करून काम भागलं. पोलाद, साखर, रसायनं अशा धंद्यांत तसं होत नाही. टाटा स्टीलने २०२१-२२ मध्ये सुमारे ४१,७५० कोटी नफा कमावला. तो कागदी नव्हता, पोलादाचे भावच जगभर चढे होते. निकाल आले तेव्हा शेअर १,३०० रुपयांच्या आसपास होता आणि ईपीएस ३३० रुपयांवर. पीई अवघा ४, कमाईचा टक्का २५! पुढच्या वर्षी नफा ८,१०० कोटींच्या खाली आला आणि त्याच्या पुढच्या वर्षी, २०२३-२४ मध्ये, कंपनीने ४,९०० कोटींहून जास्त तोटा दाखवला. तोटा असला की पीई निघतच नाही, ॲपवर तिथे रेघ दिसते.

म्हणजे अशा कंपन्यांचा पीई सर्वांत कमी दिसतो तो नफ्याच्या शिखरावर, आणि धंदा तळाशी असताना पीई प्रचंड किंवा गायब असतो. म्हणून इथे एका वर्षाचा ईपीएस न घेता गेल्या सात-दहा वर्षांची सरासरी घ्यावी, म्हणजे चांगली आणि वाईट दोन्ही वर्षं आत येतात. टाटा स्टीलसारख्या शेअरची विभागणी झाली असेल, तर जुने ईपीएसही त्याच प्रमाणात बदलून घ्यावे लागतात. जुलै २०२२ मध्ये तिच्या एका शेअरचे दहा झाले, तेव्हा त्याआधीचे ३३० आजच्या भाषेत ३३.

वरची नावं हिशोब दाखवण्यासाठी आहेत, घ्या किंवा विका असं सांगण्यासाठी नाहीत. आपल्याकडच्या एखाद्या शेअरवर हे करून बघायचं असेल, तर गेल्या पाच वर्षांचे कन्सॉलिडेटेड ईपीएस एकाखाली एक लिहा. एखादा आकडा रांगेतून एकदम वर उडालेला दिसला, तर त्या वर्षाची पीडीएफ उघडा आणि कारण सापडेपर्यंत ॲपवरच्या पीईकडे पाहू नका.