फोटोवर नाव घालावं का, आणि घालायचं तर कुठे?

पावसाळ्यात हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावरून एखाद्या सकाळी खालच्या धुक्यात इंद्रवज्र दिसतं. गोल इंद्रधनुष्य आणि मधोमध पाहणाऱ्याची सावली. तेही नशिबात असेल तर, आणि थोडाच वेळ. असा फोटो कुणी फेसबुकवर टाकला की बघता बघता तो ट्रेकिंगच्या गटागटांतून फिरू लागतो, आणि चार हात बदलेपर्यंत काढणाऱ्याचं नाव गळून गेलेलं असतं. कधी कधी तर त्यावर दुसऱ्याच कुठल्या पेजचा शिक्का बसलेला असतो.

हे असं का होतं, ते समजून घेतलं की वॉटरमार्कचा उपयोग आणि त्याची मर्यादा दोन्ही कळतात. आपण नाव लिहितो ते फोटोखालच्या मजकुरात. लोक पुढे पाठवतात तो नुसता फोटो. काही जण कॅमेऱ्याच्या किंवा फोनच्या सेटिंगमध्ये स्वतःचं नाव भरून ठेवतात. ते फाइलच्या आत लिहिलं जातं, पण व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवताना चित्र लहान होतं आणि आतली ही माहिती निघून जाते. बहुतेक समाजमाध्यमांवरही तेच होतं. चित्राबरोबर हमखास प्रवास करतं ते फक्त चित्रातच उमटलेलं नाव. म्हणजे वॉटरमार्क ही दारावरची पाटी झाली. आत राहणारा कोण हे ती सांगते, दार मात्र अडवत नाही.

म्हणूनच घरगुती फोटोंवर वॉटरमार्क घालण्यात मला काही अर्थ दिसत नाही. नातीच्या बारशाचा फोटो कुणी गैरवापरासाठी उचलला, तर त्याला नातीचा चेहरा हवा असतो. कोपऱ्यातलं नाव कापून टाकायला त्याला वेळ लागत नाही. उलट पूर्ण नाव आणि मोबाइल नंबर छापून आपण त्याला जास्तीची माहितीच देतो. तिथे विचार करायचा तो फोटो कुणाला दिसावा याचा, आणि मोजक्याच लोकांना दिसेल असं सेटिंग ठेवण्याचा. फोन आपणहून ‘अमुक मॉडेलवर टिपलेला’ असं छापतो, तेही कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये जाऊन बंद करावं. फोटो आपला आणि जाहिरात फोनवाल्यांची, असला व्यवहार कशाला?

नाव घालावं ते अनोळखी लोकांपर्यंत जाणाऱ्या आणि आपलं श्रेय राहावं असं वाटणाऱ्या फोटोवर. गड, पक्षी, वारी, जत्रा, पाऊस. आता आपल्या इंद्रवज्राकडे येऊ.

समजा मूळ फोटो ४००० बाय ३००० पिक्सेलचा आहे. वरच्या दोन तृतीयांश भागात पांढुरकं धुकं, त्यात ते कडं, आणि खाली उजवीकडे कड्याचा काळा, खडबडीत दगड. पहिलं काम म्हणजे पोस्ट करायची प्रत वेगळी करणं. ती १२०० बाय ९०० केली तर फोनच्या पडद्यावर उत्तम दिसते; पण चांगल्या छपाईला इंचामागे सुमारे ३०० पिक्सेल लागतात, त्यामुळे कागदावर ती जेमतेम चार इंच रुंद निघेल. कॅलेंडर छापणाऱ्याला एवढ्याने भागत नाही. खरं सांगायचं तर चोरीला आळा घालण्याचं काम वॉटरमार्कपेक्षा हा लहान आकारच जास्त करतो.

मग जागा. बहुतेकांचा हात मोकळ्या आकाशाकडे किंवा धुक्याकडे जातो, कारण तिथे नाव छान वाचता येतं. नेमकी तीच जागा टाळायची. एक तर सपाट धुक्यात अक्षरं डोळ्यांत खुपतात आणि नजर कड्यावरून हटते. दुसरं, सपाट रंगावरची अक्षरं फोनमधल्या साध्या इरेझरनेही माग न ठेवता पुसली जातात. अगदी कोपराही नको. हा फोटो कुणी चौकोनी कापला तर दोन्ही बाजूंनी दीडदीडशे पिक्सेल जातात आणि कोपऱ्यातलं नाव त्यांच्याबरोबर जातं. म्हणून नाव उजव्या कडेपासून दीडशे पिक्सेलपेक्षा आत, दगडावर, शक्यतो त्याच्या उताराला समांतर ठेवावं. तिथे ते पुसायचं तर दगडाचा पोत पुन्हा रंगवावा लागतो, आणि तो प्रयत्न नीट पाहिल्यावर बहुधा लक्षात येतो.

रंग शुभ्र पांढरा नको. त्याच फोटोतल्या धुक्याचा करडा उचलला की अक्षरं चित्रातलीच वाटतात. उंची चित्राच्या उंचीच्या अडीच-तीन टक्के, म्हणजे इथे साधारण पंचवीस पिक्सेल. अपारदर्शकता आधी पूर्ण ठेवून हळूहळू उतरवत न्यावी आणि नाव पहिल्या नजरेत दिसत नाही, पण शोधलं तर सहज वाचता येतं, तिथे थांबावं. काळ्या दगडावर हे साधारण चाळीस टक्क्यांच्या आसपास जमतं. सावली, चौकट, सोनेरी रंग, कॅमेऱ्याचं चित्र यातलं काही नको. देवनागरीत नाव लिहायचं असेल तर बारीक, नाजूक फाँट टाळा. फोटोची फाइल लहान होताना शिरोरेघ आणि काने आधी विरघळतात. मुक्तासारखा मध्यम जाडीचा फाँट टिकतो. जोडाक्षरं तुटत नाहीत ना, तेही पाहा, कारण काही ॲप्स ‘क्ष’ आणि ‘त्र’ची वाट लावतात. शेवटी तो फोटो व्हॉट्सॲपवर स्वतःलाच पाठवून आलेली प्रत उघडा. तिथे नाव वाचता आलं तर काम झालं.

लाइटरूमसारखी ॲप्स शेकडो फोटोंवर एकाच ठिकाणी एकच शिक्का मारून देतात. सोय मोठी, पण २०१७ साली गूगलच्या संशोधकांनी नेमका याच्यातला कच्चा दुवा दाखवला. एकच शिक्का खूप फोटोंवर असला, तर त्या सगळ्यांची तुलना करून संगणक शिक्का नेमका कसा आहे हे ओळखतो आणि प्रत्येक फोटोवरून तो जवळजवळ स्वच्छ उतरवतो. अक्षरांचा आकार दर फोटोत किंचित वाकडातिकडा केला, तर हे काम बरंच बिघडतं, असंही त्यांनीच दाखवलं. दर फोटोला हाताने जागा, कोन आणि आकार ठरवण्याचा हा दुहेरी फायदा.

कायद्याचं काय? भारतात फोटो काढला त्या क्षणी हक्क निर्माण होतो. नोंदणी लागत नाही, © हे चिन्हही लागत नाही. पण २०१२ च्या दुरुस्तीनंतर कॉपीराइट कायद्याच्या ६५ ब कलमाखाली, हक्कदाराची ओळख सांगणारी माहिती जाणूनबुजून, परवानगीविना काढणं हा गुन्हा आहे. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. जाता जाता एक गोष्ट लग्नघरांसाठी. पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा पहिला हक्क, वेगळा करार नसेल तर, पैसे देणाऱ्याचा असतो. वधूच्या शालूवर स्टुडिओचा भलामोठा लोगो नको असेल, तर तसं आधीच सांगायला संकोच करू नका.

वाद झालाच, तर ‘फोटो माझा’ हे दाखवायला वॉटरमार्क फारसा उपयोगी पडत नाही, कारण तो कुणीही कुणाच्याही फोटोवर घालू शकतो. मूळ फाइल मात्र एकाकडेच असते. म्हणून पोस्ट करायच्या प्रतीच्या कडा थोड्या छाटा. कोकणकड्याच्या मूळ फोटोत डावीकडे सोबत्याची पाठपिशवी अर्धी आली असेल आणि पोस्टमध्ये ती नसेल, तर ती अर्धी पिशवी तुमच्या बाजूने साक्ष देते. फोनमधली जागा संपली म्हणून मूळ फाइली पुसू नका. त्या हार्ड डिस्कवर तारखेनुसार ठेवा, आणि व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून आलेल्या प्रतीला मूळ समजू नका.