फळ्यावर चालणारा प्रकल्प

चौघांच्या पहिल्या प्रकल्पाला, समजा ग्रंथालयाच्या ॲपला, ट्रेलोसारख्या फळ्यावर ‘करायचे’, ‘चालू’, ‘तपासणी’ आणि ‘झाले’ एवढे रकाने पुरतात. प्रत्येक कार्डावर एकाचेच नाव असावे. दोघांवर टाकलेले काम बहुधा कोणीच करत नाही. ‘लॉगिन’ हे कार्ड फार मोठे. त्याचे पडदा, पासवर्डची पडताळणी आणि चुकीचा संदेश असे दोन-तीन दिवसांत संपणारे तुकडे करावेत.

शुक्रवारच्या बैठकीत समन्वयकाने आठवडाभर न हललेल्या कार्डांपासून सुरुवात करावी. ‘ऐंशी टक्के झाले’ हे उत्तर सलग दोनदा आले, तर काम अडले आहे. बहुतेक वेळा ते दुसऱ्याच्या कार्डावर अवलंबून असते. अशा वेळी अडथळा, तो सोडवणाऱ्याचे नाव आणि तारीख कार्डावरच लिहावी. ‘झाले’मध्ये कार्ड सरकवण्याचा हक्क मात्र काम करणाऱ्याला नसावा, तपासणाऱ्याला असावा.