सतरा अक्षरांची गाडी

दसऱ्याच्या आदल्या दिवशी शोरूमच्या यार्डात एकाच मॉडेलच्या दोन पांढऱ्या गाड्या उभ्या असतात. नंबरप्लेट अजून नाही. त्यांना वेगळं ओळखायचं ते सतरा अक्षरी चासी नंबरावरून. त्यात I, O आणि Q ही अक्षरं मुद्दाम वापरत नाहीत, कारण ती 1 आणि 0 सारखी दिसतात.

डीलरच्या ईआरपी प्रणालीत गाडी ग्राहकाच्या नावे लावली, की तो नंबर इतरांसाठी बंद होतो. बिल आणि विमा तिथूनच नंबर उचलतात. पुढे सर्व्हिसचं जॉबकार्ड, त्यावर लागलेले सुटे भाग हेही त्याच नंबराखाली जमतात.

गडबड होते ती यार्डात. कागद पहिल्या गाडीचे आणि घाईत किल्ली दुसरीची दिली, तर संगणकाला पत्ताच लागत नाही. अपघातानंतर सर्व्हेअर चासी तपासतो, पॉलिसीवरचा नंबर जुळत नाही आणि दावा अडकतो. म्हणून गेटपासआधी गाडीवरचाच नंबर स्कॅन व्हायला हवा. ग्राहकानेही किल्ली घेताना तो पॉलिसीशी अक्षर न् अक्षर ताडून पाहावा. चूक तेव्हाच दिसली, तर विमा कंपनीकडून दुरुस्ती करून घेता येते.