खांबावरची पाचवी तार

विजेच्या खांबावरून वायरमन पडला की गावात पहिला प्रश्न एकच विचारला जातो : बेल्ट लावला होता का? नव्हता असं कळलं की चूक त्याचीच होती असं सगळे मानून टाकतात, आणि पुढची चौकशीही बहुतेक वेळा त्याच वाटेने जाते. प्रश्न योग्य आहे, पण तो शेवटचा आहे. वर काहीतरी बिघडल्यानंतर माणसाला खाली येऊ न देणं एवढंच बेल्टचं काम असतं. वर मुळात काय बिघडलं, झटका ज्या तारेचा बसला ती बंद का नव्हती आणि ती बंद आहे असं कुणाच्या भरवशावर धरलं गेलं, ही उत्तरं माणूस खांबावर चढण्याच्या आधी घडून गेलेली असतात.

पुढचा प्रसंग एका ठरावीक गावातला नाही. अशा अपघातांत जे पुन्हा पुन्हा होतं ते एकत्र आणून तो मांडला आहे.

जूनचा पहिला आठवडा. दुपारी वादळी पाऊस झाला आणि गावातल्या एका वस्तीची लाइट गेली. शाळेजवळच्या खांबावर एका फेजचा जंप, म्हणजे दोन तारांना जोडणारा तुकडा, जळून सुटला होता. वायरमन एकटाच आला. सोबतचा माणूस शेजारच्या गावात पडलेली तार उचलायला गेला होता. त्याने डीपीवर, म्हणजे रोहित्रापाशी, जाऊन पेटीतले तीनही फ्यूज काढले, परत येऊन तिन्ही फेजच्या तारा टेस्टरने तपासल्या. वीज नव्हती. शिडी लावून तो वर गेला, खांबाभोवती बेल्टचा दोर टाकला आणि कामाला लागला. जंप बसवून झाला. खांबाच्या दुसऱ्या बाजूचा एक सैल सांधा आवळायचा राहिला होता. तिकडे वळण्यासाठी त्याने दोर सोडला, आणि त्याच क्षणी त्याचा ओला कोपर पाचव्या तारेला लागला.

गावातल्या लघुदाबाच्या खांबांवर बहुधा तीन फेज, एक न्यूट्रल आणि रस्त्यावरच्या दिव्यांसाठी एक वेगळी तार असते. या खांबावर ती पाचवी तार पलीकडच्या वस्तीतून, दुसऱ्या डीपीवरून येत होती. वायरमन चढला तेव्हा उजेड होता आणि दिव्यांचा टायमर बंद होता. तार मेलेलीच होती. काम चालू असताना संध्याकाळ झाली, टायमर लागला आणि तीच तार जिवंत झाली.

घरात येते तीच २३० व्होल्टची वीज. पावसात भिजलेल्या अंगाचा विरोध हजार ओहमच्या आसपास उतरू शकतो. त्या हिशेबाने शरीरातून सुमारे २३० मिलिअँपिअर प्रवाह जातो. दहा-पंधरा मिलिअँपिअरलाच स्नायू आवळतात आणि हातातली वस्तू सोडता येत नाही, म्हणजे हा झटका जीवघेणा ठरू शकला असता. इथे स्पर्श ओझरता होता. झटक्याने वायरमन मागे फेकला गेला आणि मारलं ते विजेने नाही, उंचीने. त्याचे पाय जमिनीपासून सहा मीटरवर होते. तेवढ्या उंचीवरून खाली यायला सेकंदापेक्षा थोडाच जास्त वेळ लागतो, आणि जमिनीला टेकताना वेग ताशी चाळीस किलोमीटरच्या जवळ असतो. स्वतःला सावरायला, हात पुढे करायला तेवढ्यात वेळच नसतो.

आता मागे जाऊ. त्याने लाइन बंद केली होती, तपासलीही होती. मग चुकलं कुठे? डीपीवरचे फ्यूज काढले म्हणजे त्या डीपीची वीज बंद झाली, खांबावरची वीज बंद झाली असं नव्हे. एका खांबावर दोन डीपींच्या तारा एकत्र येतात. मोठ्या लाइनवर गावठाणचा फीडर आणि शेतीचा फीडर काही अंतर एकाच खांबावरून जातात, आणि एक बंद करून दुसऱ्याला हात लागल्याचे अपघात याच कारणाने होतात. म्हणून विचारायचं असतं ते खांबाबद्दल : इथे वीज कुठकुठून येऊ शकते? जितक्या वाटा, तितक्या बंद करायच्या, आणि प्रत्येक ठिकाणी डोळ्यांना दिसेल असं अंतर तयार करायचं. फ्यूज काढून स्वतःजवळ ठेवायचे, म्हणजे दुसरा कुणी येऊन घालणार नाही. अकरा हजार व्होल्टच्या लाइनवर एबी स्विच उघडला तर खालून वर पाहून तिन्ही पाती उघडली आहेत ना, हे मोजायचं. दांडा पूर्ण खाली आलेला असतो, पण गंजलेलं एखादं पातं तसंच चिकटून राहिलेलं असतं.

तपासणीचंही तसंच आहे. तपासायची ती प्रत्येक तार, न्यूट्रल आणि दिव्यांची तारसुद्धा. टेस्टर आधी चालू तारेवर लावून पाहायचा आणि नंतरही, कारण बिघडलेला टेस्टर मेलेली तार आणि जिवंत तार यांत फरक करत नाही. पण तपासणी फक्त त्या क्षणापुरती खरी असते, आणि या प्रसंगात नेमकं तेच घडलं. पुढच्या अर्ध्या तासाची हमी टेस्टर देऊ शकत नाही. ती देते अर्थिंग. कामाच्या जागेच्या दोन्ही बाजूंना सगळ्या तारा एकमेकींना जोडून जमिनीत पुरलेल्या सळईशी बांधायच्या. आधी जमिनीकडचं टोक जोडायचं, मग तारेकडचं. काढताना उलट क्रम. असं केलेलं असतं तर टायमर लागल्याबरोबर दिव्यांच्या तारेचा फ्यूज उडाला असता आणि वरच्या माणसाला पत्ताही लागला नसता. काम करण्याआधी तारांमधली वीज अर्थिंगने किंवा योग्य मार्गाने काढून टाकावी, असं केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे सुरक्षा नियम सांगतात. तरीही अर्ध्या तासाच्या कामासाठी अर्थिंगची साखळी खांबावर नेणारे थोडेच.

परमिटची गोष्ट इथेच येते. अकरा हजारच्या लाइनवर काम असेल तर उपकेंद्रातला यंत्रचालक ब्रेकर बंद करतो, आयसोलेटर उघडतो, लाइन अर्थ करतो आणि मग परमिट देतो. त्यात फीडरचं नाव, कामाची जागा, काय काय उघडलं, अर्थिंग कुठे आहे, कुणी दिलं, कुणी घेतलं आणि किती वाजता, हे लिहिलेलं असतं. काम संपल्यावर ज्याने घेतलं त्यानेच ते परत करायचं, माणसं खाली आली आणि अर्थिंग काढलं याची खात्री देऊन. एकाच फीडरवर दोन टोळ्या असतील तर परमिटही दोन, आणि दोन्ही परत आल्याशिवाय ब्रेकर चालू होत नाही. डीपीखालच्या लघुदाबाच्या कामाला मात्र असं काही लागत नाही, फ्यूज काढले की झालं, ही समजूत खोल रुजलेली आहे. वरच्या प्रसंगात कुणी परमिट मागितलंच नाही. मागितलं असतं तर कागदावर एक रकाना भरावा लागला असता : वीज येण्याच्या वाटा कोणत्या, आणि त्या कुठे बंद केल्या. तो भरताना दुसऱ्या डीपीचा विषय निघाला असता. माझ्या मते परमिटचा सगळ्यात मोठा उपयोग हाच आहे, दोन माणसांना चढण्याआधी एकदा विचार करायला लावण्याचा.

जिथे परमिट घेतलं जातं तिथेही ते बरेचदा फोनवर उरकतं. "भाऊ, गावठाण बंद केलं का?" "केलं." गावठाण फीडर दोन असतील तर कुठला, हे दोघांनी आपापल्या मनाने ठरवलेलं असतं. फोनवर घ्यायचंच असेल तर ऐकणाऱ्याने फीडरचं पूर्ण नाव आणि खांबाची जागा परत म्हणून दाखवावी आणि दोघांनी आपापल्या वहीत वेळ लिहावी. एक मिनिट लागतं. पण त्या मिनिटात वायरमनच्या खिशातला फोन गावकऱ्यांच्या "लाइट कधी येणार?"ने वाजत असतो, हेही खरं आहे.

बेल्टबद्दल वायरमन एक गोष्ट मनापासून मानतात : बेल्ट असला तर झटका बसल्यावर माणूस तारेलाच अडकून राहतो, नसला तर निदान फेकला जाऊन सुटतो. ही भीती खोटी नाही, पण ती बेल्टच्या विरोधातली नाही. लाइन खात्रीने मेलेली असेल तरच बेल्ट पूर्ण उपयोगाचा ठरतो. म्हणून परमिट, अर्थिंग आणि बेल्ट यांतलं एक गळलं की उरलेल्यांवरचा विश्वासही उडतो.

बेल्ट लावला होता की नाही, या प्रश्नाला हो किंवा नाही एवढंच उत्तर पुरत नाही. या वायरमनने लावला होता. त्याने दोर सोडला तो जागा बदलताना, आणि पडण्याचा धोका सर्वांत जास्त असतो तो त्याच वेळी. त्यावर उपाय दोन दोरांचा आहे : दुसरा अडकवल्याशिवाय पहिला सोडायचा नाही. कमरेचा जुना पट्टा उभं राहून काम करण्यासाठी चांगला, पण त्यावर पडून झेललं गेलं तर सगळा झटका पोटावर आणि कण्यावर येतो. खांदे, छाती आणि मांड्यांभोवतीचा पूर्ण हार्नेस तो भार वाटून घेतो. हार्नेसमध्ये लटकलेल्या माणसालाही लवकर खाली आणावं लागतं, नाहीतर पायांत रक्त साचून तो बेशुद्ध होतो. म्हणून खाली दुसरा माणूस हवाच. शिवाय खांबच पडला तर बेल्ट माणसाला त्याच्याबरोबर खाली नेतो. चढण्याआधी बुडाशी माती उकरून लोखंडी खांब गंजलाय का, सिमेंटच्या खांबाला तडा आहे का, ताणाची तार शाबूत आहे का, हे पाहावं लागतं. एका बाजूची तार तोडायची असेल तर आधी त्या बाजूला तात्पुरता ताण द्यावा लागतो.

पडलेल्या माणसाकडे धावताना लोक त्याला हातापायांना धरून उचलतात आणि जीपमध्ये टाकतात. कणा मोडलेला असेल तर त्या उचलण्यानेच पाय कायमचे जाऊ शकतात. आधी तुटकी किंवा जिवंत तार त्याच्या जवळ नाही ना, हे पाहावं. श्वास थांबला असेल तर छातीवर दाब देणं लगेच सुरू करावं. श्वास चालू असेल तर मान सरळ धरून आहे तिथेच ठेवावं आणि १०८ ला फोन करावा. विजेचा झटकाही बसला असेल तर बाहेरून छोटासा डाग दिसला तरी आत भाजलेलं असू शकतं आणि हृदयाचे ठोके नंतरही बिघडू शकतात, हे डॉक्टरांना सांगायला विसरू नये.

असा अपघात विद्युत निरीक्षकाला कळवणं विद्युत अधिनियम २००३ च्या कलम १६१ प्रमाणे बंधनकारक आहे. त्याच्या चौकशीत बेल्टच्या आधी तीन गोष्टी मागाव्यात : परमिटची वही, उपकेंद्राची नोंदवही आणि त्या खांबावर येणाऱ्या प्रत्येक तारेचा उगम दाखवणारा नकाशा. तिसरी गोष्ट पुष्कळदा कागदावर कुठेच नसते, जुन्या वायरमनच्या डोक्यात असते, आणि तो निवृत्त झाला की नव्या कंत्राटी मुलाला ती कळण्याचा मार्ग राहत नाही. दिव्यांची लाइन कुठल्या डीपीवर आहे, हे खांबावर रंगाने लिहिता येतं. ग्रामपंचायत आणि वीज कार्यालय यांनी एका दुपारी बसून गावातल्या सगळ्या खांबांची ही नोंद केली तर पुढच्या माणसाला चढण्याआधी ती वाचता येईल. त्याच नोंदीत जनरेटर असलेली दुकानं आणि हॉस्पिटलंही घ्यावीत. चेंजओव्हर स्विच न बसवता जनरेटर थेट जोडला असेल, तर लाइट गेल्यावर तीच वीज उलट्या दिशेने, ज्या तारांवर वायरमन काम करतोय त्यांच्यापर्यंत पोहोचते.